निकाल सार्वजनिक, पण साइटवरचा मजकूर?

«कोर्टाचे निकाल सार्वजनिकच असतात, मग कुठल्याही साइटवरून स्क्रेप करून आपल्या साइटवर टाकायला काय हरकत?»

निकालाचा मूळ मजकूर छापायला हरकत नाही. कोर्टानेच मनाई केली नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(q) मध्ये तशी मुभा आहे. घोळ होतो तो स्क्रेपरने सोबत उचललेल्या गोष्टींमुळे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक (2008) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाच्या हेडनोट्स, म्हणजे निकालाच्या वर दिलेले सारांश, तसंच विचारपूर्वक पाडलेले परिच्छेद व त्यांचे क्रमांक यांना संरक्षण दिलं; नुसत्या टायपो-दुरुस्तीला मात्र नाही. म्हणून प्रसिद्ध करायची प्रत कोर्टाच्या साइटवरून घ्या. खासगी प्रकाशकाच्या प्रतीतून हेडनोट काढली, तरी परिच्छेद-क्रमांक हमखास मागे राहतात.

तोच मजकूर स्वतःच्या संशोधनासाठी उतरवून, कोणतं कलम किती वेळा आलं हे मोजणं वेगळं. तिथे त्याच कायद्याच्या कलम 52(1)(a) मधल्या, खासगी वापर व संशोधनासाठीच्या मुभेचा आधार मिळतो आणि निघालेले आकडे तुम्ही छापू शकता. साइटच्या अटी मात्र स्वतंत्रपणे लागू होऊ शकतात, त्या आधी वाचा.

भारतात वेगळा डेटाबेस-हक्क, म्हणजे माहितीचा संग्रह उभारणाऱ्याला त्या संग्रहावर मिळणारा हक्क, नाही. युरोपीय संघात तो 15 वर्षांचा आहे, आणि तिथे मोठा भाग नुसता उतरवून घेणंही त्या हक्काच्या कक्षेत येतं.