क्लिअर स्टॉकच्या त्या व्हायरल मेसेजमध्ये बरंच चुकलंय

"चिकन स्टॉक फुल गॅसवर ठेवा, जितके तास उकळेल तितकी चव. वरचा फेस प्रोटीन आहे, काढू नका. मग मैद्याची पेस्ट घालून दोन मिनिटं घट्ट केलं की मदर सॉस तयार. उरलेला स्टॉक रात्रभर ओट्यावरच ठेवा, गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवलं की आंबतं. सकाळी एक उकळी काढा, सगळे जंतू मरतात."

हा मेसेज माझ्याकडे केटरिंगच्या आणि क्लाउड किचनच्या ग्रुपांवरून इतक्यांदा आलाय की एकदा नीट लिहूनच टाकते. घरच्या दोन वाट्या सूपला यातलं थोडंफार खपून जाईल, पण 10-12 लिटरच्या टोपात हाच सल्ला पाळला तर स्टॉक गढूळ होईल आणि शेवटच्या दोन वाक्यांनी माणसं आजारी पडतील.

आधी फेसाचं. तो प्रोटीनच आहे, यात चूक नाही. हाडांना चिकटलेलं मांस, रक्त, त्यातलं अल्ब्युमिन थंड पाण्यात विरघळतं आणि पाणी हळूहळू तापलं की ते गोठून करड्या रंगाचे पुंजके होऊन वर येतं. म्हणून सुरुवात कायम थंड पाण्याने, हाडांवर दोन बोटं पाणी येईल इतकं. थेट उकळतं पाणी ओतलं तर ते जागच्या जागी बारीक बारीक गोठतं आणि पाण्यातच फिरत राहतं. पहिला अर्धा-पाऊण तास टोपापाशी उभं राहायचं, पळीने वरवरचं अलगद उचलायचं, ढवळायचं अजिबात नाही. आणखी एक करा, टोप बर्नरवर थोडा एका बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे एकाच कडेने बुडबुडे येतात आणि सगळा फेस आणि तेल समोरच्या थंड कडेला जमतं, तिथून काढायला एकदम सोपं. फेस करड्याचा पांढरा झाला आणि येणं कमी झालं की मुख्य काम संपलं, नंतर अधूनमधून बघितलं तरी चालतं. न काढलेला फेस पौष्टिक वगैरे होत नाही, तो फुटून स्टॉकमध्ये मिसळतो, आणि मग मलमलीतून चार वेळा गाळला तरी खाली पातेल्याचा तळ दिसत नाही.

फुल गॅसचंही तेच. खळखळ उकळलं की वरचं तेल फेटल्यासारखं पाण्यात मिसळून जातं, स्टॉक दुधाळ होतो आणि तोंडात तेलकट लागतो. (जपानी तोन्कोत्सुचा रस्सा मुद्दाम असाच खळखळ उकळून दुधाळ करतात, तिथे ते हवंच असतं, क्लिअर स्टॉकला नको असतं.) हवं ते तापमान साधारण 85 ते 95 डिग्री, म्हणजे थर्मामीटर नसेल तर एक-दोन बुडबुडे येतात, फुटतात, मग पुढचा येतो, एवढंच. झाकण नाही, मीठ नाही, कारण पुढे आटवल्यावर तेच मीठ दुप्पट खारट लागतं.

आता तास. चिकनच्या हाडांना 3 ते 4 तास, मटण-बीफच्या हाडांना 6 ते 8, फिश स्टॉकला मात्र अर्धा-पाऊण तासच, त्याच्यापुढे कडवट व्हायला लागतो. चिकनच्या हाडातलं जिलेटिन चार तासांत बऱ्यापैकी उतरलेलं असतं, पुढे नुसतं उकळत ठेवलं तर कांदा-गाजर विरघळून वास शिळा होतो. त्या भाज्या तर शेवटच्या तासातच घालायच्या, सुरुवातीला नाही.

हिशोब सांगते म्हणजे कळेल. 10 किलो चिकनची हाडं (पाठीचे सांगाडे, माना, थोडे पाय, पायांमुळे स्टॉक छान जमतो), 15 लिटर थंड पाणी, सव्वा किलो भाजी ज्यात कांदा निम्मा आणि गाजर, सेलरी निम्मे, तमालपत्र, काळी मिरी, पार्स्लेचे देठ. चार तास मंद आचेवर ठेवलं की गाळून साधारण 10 लिटर मिळतो. थंड झाल्यावर थरथरला पाहिजे, पाण्यासारखाच राहिला तर हाडं कमी पडली किंवा पाणी जास्त झालं. याच टोपाला आठ-दहा तास फुल गॅस दिला तर निम्मं उडून जाईल, मग लोक वरून पाणी ओततात आणि चव, लिटर, गॅस तिन्हीकडे मार खातात. गाळतानाही भाज्या पळीने दाबू नका, दाबून निघतो तो पाव लिटर सगळा स्टॉक गढूळ करतो.

मैद्याच्या पेस्टबद्दल थोडक्यात सांगते. मैदा पाण्यात कालवून घातला तर सॉस घट्ट होईल पण कच्च्या मैद्याचा वास राहतो आणि गुठळ्या होतात. वेलूते हा स्टॉकपासून होणारा मदर सॉस, म्हणजे ज्यावरून पुढे बाकीचे सॉस बनतात. त्याला 6 लिटर स्टॉक असेल तर 360 ग्रॅम लोणी आणि 360 ग्रॅम मैदा मंद आचेवर रंग न चढवता परतायचा, त्यात स्टॉक थोडाथोडा घालत फेटायचा, आणि मग किमान अर्धा तास मंद आचेवर, वरची साय काढत. मैदा शिजलाय का हे जिभेवर कळतं, जीभ टाळूला लावल्यावर खरखरीत लागलं तर अजून दहा मिनिटं. शेवटी सुमारे पाच-साडेपाच लिटर राहतो. बेशामेलला स्टॉकऐवजी दूध, बाकी पद्धत हीच.

आणि आता ते ओट्यावर रात्रभर. मेच्या रात्री आपल्या किचनमध्ये 30-32 डिग्री असतात, त्यामुळे 10 लिटरचा टोप सकाळपर्यंतही त्याच्या खाली येणारच नाही, आणि 57 ते 21 या पट्ट्यातच जंतू सगळ्यात जोरात वाढतात. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू उकळी सहन करतात, मग टोप चाळिशीत आला की जागे होतात, अनुकूल तापमानात साधारण दहा मिनिटांत दुप्पट. सकाळच्या उकळीने जिवंत जंतू मरतात हे बरोबर, पण बॅसिलस सेरियस, स्टॅफिलोकोकस यांनी तोवर तयार केलेलं विष उकळीने जात नाही. म्हणजे चव-वास ठीक असूनही लोकांना उलट्या होऊ शकतात.

गरम मोठा टोप थेट फ्रीजमध्ये ठेवू नका हे मात्र मान्य, पण कारण आंबणं नाही. मधला स्टॉक तासन्‌तास गरम राहतो आणि शेजारचं दूध, चिकनही कोमट होतं. त्यामुळे आधी दोन-तीन पसरट पातेल्यांत वाटायचं, सिंकमध्ये नळाचं पाणी भरून ठेवायचं, पाणी गरम झालं की बदलायचं, स्टॉक चाळीसच्या आसपास आला की मग सिंकच्या पाण्यात 4-5 किलो बर्फ, आणि गोठवलेल्या पाण्याची स्वच्छ बाटली स्टॉकमध्ये फिरवत राहायचं. नियम असा की 57 वरून 21 दोन तासांत, आणि 21 वरून 5 पुढच्या चार तासांत. दोन तासांत 21 नाही आलं तर 74 पर्यंत परत तापवून थंड करायला पुन्हा सुरुवात, तेही एकदाच. सॉस घट्ट असल्यामुळे आतल्या आत फिरत नाही, त्यामुळे स्टॉकपेक्षाही हळू थंड होतो, तो पाच सेंटीमीटरपेक्षा जाड थर होणार नाही अशा ट्रेमध्ये ओतायचा आणि साय धरू नये म्हणून वर बटर पेपर अंगाला लावून.

स्टॉकवरचं गोठलेलं तेल वापरेपर्यंत काढू नका, झाकण म्हणून ते चांगलं काम करतं. फ्रीजमध्ये 3-4 दिवस, त्याच्यापुढे फ्रीजर, डब्यावर तारीख टाकून, आणि काढल्यावर लागेल तेवढाच तापवा, सगळा डबा नाही.