‘सुस्थितीत’ म्हणे!

आज सकाळी अकराला माझ्या ऑफिसच्या भाड्याचं ऑनलाइन अ‍ॅग्रीमेंट करणाऱ्या एजंटचा फोन. “मॅडम, अंगठा कधी द्यायला येऊ? सरांनी ड्राफ्ट फायनल केलाय.” कुठला फायनल, कुणी केला? मी तीन आठवड्यांपूर्वी मालकांना नीट दीड पानी मेल लिहिलाय त्याला उत्तर नाही, आणि थेट अंगठा! ड्राफ्ट उघडला तर भाडं दहा टक्के वाढवलेलं, आणि सातव्या कलमात लिहिलंय, ‘परवानाधारकाने जागा पाहिली असून ती सुस्थितीत असल्याचे तिला मान्य आहे.’

सुस्थितीत!! माझ्या टेबलाच्या डावीकडे निळी बादली आहे, ती काय मी शोभेला ठेवलीय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी बादलीची गोष्ट. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे वरच्या शेवटच्या मजल्यावर माझं छोटं टॅक्सचं ऑफिस आहे, मी आणि कामाला दोन मुली. गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्नची गर्दी, रात्री साडेनऊपर्यंत बसलेलो, आणि फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यातून टप, टप. बघता बघता धार. प्रिंटरवर रेनकोट टाकला, क्लायंटच्या फाइली खुर्च्यांवर चढवल्या आणि खालच्या किराणावाल्याकडून ही बादली आणली. एकशे चाळीस रुपये. त्या रात्री दोनदा भरली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर काका म्हणाले, “अगं पावसाळा आहे, थोडं होतंच.” काका म्हणजे मालक. सहा वर्षं काकाच म्हणते.

बरं, हे पहिल्यांदा नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही गळलं तेव्हा त्यांनी रंगारी पाठवला होता. त्याने आतून पुट्टी मारली, पांढरा हात दिला, झालं. पुढच्या जुलैत त्याच जागी फुगा आला आणि फुटला. आतून पुट्टी मारून पाणी थांबतं का हो? पाणी वरून येतंय! मार्च-एप्रिलमध्ये छत कोरडं ठाक असतं आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ठिबकायला लागतं, म्हणजे नळाची पाइपलाइन नाही, गच्चीचंच वॉटरप्रूफिंग गेलंय. पाइप फुटला असता तर बाराही महिने ओल दिसली असती. हे कळायला इंजिनियर लागत नाही.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त लागलंय ते. लोक म्हणतात, एवढं आहे तर स्वतः करून घे आणि भाड्यातून कापून घे. अरे कसं करू? गच्ची सोसायटीची आहे, तिथलं काम सोसायटीने करायचं, आणि सोसायटी बोलते फक्त मेंबरशी. मी गेले होते सेक्रेटरींकडे, त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, “तुमच्या मालकांना अर्ज द्यायला सांगा.” विजेचंही तेच. एसी आणि मोठा प्रिंटर एकदम लावला की एमसीबी पडतो, मंजूर लोड दोन किलोवॅटच आहे. तो वाढवायचा तर अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याचा. म्हणजे पैसे मी टाकते म्हटलं तरी सही त्यांचीच. मी कुठे लादी बदला, एसी द्या म्हणतेय? बल्ब, नळाचा वॉशर, एसी सर्व्हिसिंग सगळं सहा वर्षं माझंच आहे आणि ते माझंच असायला हवं.

म्हणून तर मेल केला. फोन सहा केले होते, त्यांचा काय पुरावा आहे? मेलमध्ये मी तारखांसकट लिहिलं, बादलीचे फोटो जोडले, आणि तीन गोष्टी मागितल्या. एक, सोसायटीला गच्चीबद्दल लेखी अर्ज आणि त्याची पोच मला. काम मेअखेर व्हायला हवं, कारण स्लॅब सुकल्याशिवाय वॉटरप्रूफिंग धरत नाही, आणि झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खाली माझं छत बघायचं, ते कोरडं राहिलं तरच काम झालं म्हणायचं. दोन, लोडचा अर्ज. तीन, भाडं.

भाड्याचं ऐका. तीन वर्षांपूर्वी २८,००० होतं, दरवर्षी दहा टक्के, आता ३३,८८०. आता त्यांना ३७,२६८ हवेत. म्हणे, “दहा टक्के तर ठरलेलंच आहे.” नाही ना! ते ठरलेलं जुन्या करारातलं होतं, तो मार्चअखेर संपतोय. नवा करार म्हणजे नव्याने बोलायचं. आणि करारात लिहिलंय ५२० स्क्वेअर फूट. मी आणि मुलींनी शनिवारी टेप लावली, कार्पेट भरलं ३८८. बाकीचं भिंती, जिना, पॅसेज. म्हणजे मी आजच कार्पेटला ८७ रुपये देतेय. शेजारचं युनिट दिवाळीत गेलं, त्यांचं कार्पेट ४१०, भाडं ३२,०००, म्हणजे ७८ पडले. त्या हिशोबाने माझे तीस हजार दोनशे-तीनशे होतात. तरी मी ३१,५०० लिहिलं आणि वर्षाला पाच टक्के वाढ. ह्याला कुणी हावरट म्हणेल?

ओके, मान्य, कोपऱ्यातल्या नवीन टाइल्सना त्यांचे पैसे गेले होते, मेंटेनन्सही वाढलाय. असेल.

खरं सांगू, रागाचं कारण ३१ की ३७ हे नाहीच. ते ‘सुस्थितीत’ आहे. मी आज त्याच्यावर अंगठा दिला की उद्या गळती माझी झाली. जाताना डिपॉझिटमधून छताचा डाग कापला तर मी काय दाखवू, माझाच अंगठा? आणि एकदा करार झाला की मग गच्ची कोण करतंय, पुढची तीन वर्षं परत पुट्टी. जे काही व्हायचं ते सही आधी. एजंटला मी सांगितलं, सातवं कलम काढ आणि तिथे लिही, ‘छताची गळती व विजेचे लोड या त्रुटी मालकास कळवल्या असून त्या अमुक तारखेपर्यंत दुरुस्त होतील.’ तो म्हणाला, “मॅडम, फॉरमॅटमध्ये बसत नाही.” बसव!

दुपारी काकांनाच फोन केला. जरा जोरातच बोलले. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “मेल मुलाने वाचला, मला सांगितलंच नाही. मला तो मेल कळत नाही गं.” हं. आता ह्यावर काय बोलणार. लॉकडाऊनमध्ये ह्याच माणसाने तीन महिने अर्धं भाडं घेतलं होतं, मी न मागता. ते मी विसरले नाहीये, पण त्याने छत कोरडं होत नाही हेही तितकंच खरं.

मेलची प्रिंट काढून ऑफिसमधल्या मुलीकडून त्यांच्या घरी पाठवली, मोठ्या फाँटमध्ये, बादलीच्या फोटोसकट. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, रविवारी अकराला सेक्रेटरींना घेऊन गच्चीवर येतात, आणि कार्पेट स्वतः मोजणार, माझ्या टेपवर विश्वास नाही म्हणे.

नौपाड्याच्या आसपास कुणाकडे ती लेझरवाली टेप असेल तर रविवारपुरती द्या. सोमवारी परत करते.