‘बायोडाटा ठेवून घेतो’ हा सभ्यपणा नव्हे

मुलाखतीनंतर उमेदवाराला नकार कळवणाऱ्या पत्राचा एक मसुदा मी दिला होता. त्यावर एका काकांची प्रतिक्रिया: “ताई, एसीत बसून लिहिणं सोपं असतं. आमच्याकडे ‘सध्या शक्य नाही, बायोडाटा ठेवून घेतो’ असं लिहितात, तो सभ्यपणा आहे. तुमचा मसुदा तोंडावर दार आपटतो. कारण लिहिलं की वादही ओढवतो. आणि बडोद्यात अशी पत्रं मराठीत कोण लिहितं?”

काका, शेवटचा मुद्दा मान्य. इथली पत्रं बहुतेक इंग्रजीत नाहीतर गुजरातीत जातात. मसुदा मराठीत दिला तो वाचकांसाठी. पण एसीचा टोमणा लागला. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांची भरती मी 22 वर्षं करते आहे. न विचारता असं बोलणं बरं नाही.

आता तुमचा ‘सभ्यपणा’. समजा, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी एक मुलगा दोन फेऱ्या देऊन गेला. ‘सध्या’ वाचून त्याला वाटतं, नंतर जमेल. ‘ठेवून घेतो’ म्हणजे कुणीतरी तो कागद पुन्हा काढणार. खरं तर पुढच्या जागेला नवी जाहिरात निघते, नवे अर्ज येतात आणि जुनी फाइल कुणी उघडत नाही. तोवर हातात आलेल्या दुसऱ्या नोकरीला हा ‘पंधरा दिवस थांबा’ सांगून बसतो. नकारानंतरही “साहेब, माझं काय झालं?” असा फोन आला, तर समजावं की पत्रात नकार पोचलाच नाही.

त्याच पत्राचा माझा मसुदा पुन्हा वाचा:

“क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. सीएमएम मशीनवरच्या अनुभवाला जाहिरातीत प्राधान्य दिलं होतं. तो अनुभव त्यांच्याकडे आहे. तुमचा हा अर्ज पुढच्या जागांसाठी धरला जाणार नाही. नवी जाहिरात आली तर पुन्हा अर्ज करता येईल. दोन्ही वेळा रजा काढून आलात, त्याबद्दल आभार.”

निर्णय पहिल्याच वाक्यात आहे, कारण वाचणारा आधी तोच शोधतो. ‘तुमची गुणवत्ता उल्लेखनीय होती’ मी मुद्दाम गाळलं. ते वाचून ‘मग घेतलं का नाही?’ एवढंच मनात येतं. त्याने काढलेली रजा मात्र खरी आहे, म्हणून तिचा उल्लेख आहे. यात दार आपटल्याचा आवाज तुम्हाला कुठे आला, ते वाक्य दाखवा.

वादाचं म्हणाल, तर जाहिरातीत छापलेलाच निकष लिहायचा. ‘स्वभाव जुळत नाही’ असलं काही लिहायचं नाही. छापलेला निकष सांगता येत नसेल तर कारणाची दोन वाक्यं गाळा, बाकीची चार पुरतात.

आशा खरी असेल तेव्हा ती जरूर द्या, पण तारखेसकट. तो मुलगा प्रतीक्षा यादीत पहिला असेल तर लिहा: “निवडलेले उमेदवार 30 तारखेपर्यंत रुजू झाले नाहीत तर तुम्हाला बोलावू. काहीही झालं तरी 31 तारखेला कळवू.” आणि 31 ला खरंच कळवा.