हळदीकुंकवाचे तीनशे रुपये

आमच्या जुन्या टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यावर आईने दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू होतं. त्याचे तीनशे रुपये कापले गेले. बाकीचं सगळं मी एक वेळ विसरेन, हे तीनशे नाही विसरणार.

झालं असं की डोंबिवलीत आमच्या चौकातल्या दुकानाबाहेर फलक लागला: ४३ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही, फक्त ₹२१,९९०. आकड्याच्या खांद्यावर एक चांदणी होती. दिवाळीचे दिवस, आकाशकंदील लागलेले, मला वाटलं सजावट असेल. ती सजावट नव्हती. फलकाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत त्या चांदणीचं कुळ आणि गोत्र दिलेलं होतं. मी मोबाइलने फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि फुटपाथवर उभा राहून पोथीसारखा वाचला. टीव्हीची दुकानातली किंमत ३१,९९०. त्यातून एका बँकेच्या कार्डावर ३,००० रुपयांपर्यंत तत्काळ सूट आणि एक्स्चेंज बोनस ७,००० रुपयांपर्यंत. दहा हजार वजा केले की झाले २१,९९०. हिशेब चोख. शेवटची ओळ होती, ‘सर्व ऑफर एकत्र लागू होतीलच असे नाही.’ म्हणजे फलकावरचा आकडा ज्या वजाबाकीने आला, ती वजाबाकी करायला दुकानच बांधील नाही!

‘पर्यंत’ हा मराठीतला मोठा लबाड शब्द आहे. सात हजारांपर्यंत म्हटलं की आपण सात हजार ऐकतो, दुकानदार शून्यापासून मोजायला सुरुवात करतो. आमचे एक मामा लग्नात ‘पाचशेपर्यंत माणसं येतील’ म्हणाले होते, त्या वेळीही गुलाबजामांचं असंच काहीसं झालं होतं. असो.

आत गेलो. तीन हजारांची सूट ज्या बँकेच्या कार्डावर होती, त्याच बँकेचं कार्ड माझ्या खिशात होतं. पण ते डेबिट. सूट क्रेडिट कार्डावर, तीही नऊ महिन्यांच्या हप्त्यांवर आणि जुना टीव्ही देत नसाल तरच. सात हजारांचा बोनस पंचावन्न इंचांच्या वर. त्रेचाळीस इंचांना बोनस दीड हजार आणि आमच्या बत्तीस इंची टीव्हीची किंमत एक हजार, असे मिळून अडीच हजार. सेल्समन पोरगा सुस्वभावी होता. प्रत्येक वाईट बातमीआधी ‘सर, तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे’ म्हणायचा.

त्याची शेवटची चांगली गोष्ट होती नो कॉस्ट ईएमआय, दुसऱ्या बँकेच्या माझ्या क्रेडिट कार्डावर. राहिले २९,४९०, सहा हप्ते, महिन्याला ४,९१५. गुणाकार केला, तंतोतंत जुळला. एक पैसा जास्त नाही. मी सही करणार, तेवढ्यात मशीनमधून आलेली चिठ्ठी वाचली. हा माझा दोष आहे, मी चिठ्ठ्या वाचतो. व्याजदर वार्षिक १६ टक्के. कर्जाची रक्कम २८,१६१.

‘अरे, नो कॉस्ट ना? मग सोळा टक्के कुठून आले?’

‘ते बँक लावते सर. पण आम्ही तेवढं आधीच कमी करतो. तुम्हाला काहीच पडत नाही.’

म्हणजे बघा. बँक फुकट पैसे देत नाही, ती सोळा टक्क्यांनी सहा महिन्यांचं १,३२९ रुपये व्याज घेते. दुकान तेवढीच सूट आधी देऊन कर्ज २८,१६१वर आणतं, मग व्याज चढून पुन्हा २९,४९० होतात. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना ‘शून्य टक्के व्याज’ म्हणून क्रेडिट कार्डाचे हप्ते विकायला मनाई केली, कारण शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठे ना कुठे दडवलेलं असतं. तेव्हापासून त्याला शून्य म्हणत नाहीत, नो कॉस्ट म्हणतात. बारशाला फक्त नाव बदललं.

आणि व्याज म्हटलं की त्यावर १८ टक्के जीएसटी. तो दुकान भरत नाही, दर हप्त्यामागे थोडा थोडा आपल्या कार्डावर येतो. सगळा मिळून २३९ रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ आणि त्यावर जीएसटी ३६. नो कॉस्टची कॉस्ट ४७४ रुपये.

मी म्हटलं, ‘ठीक आहे, हप्ते नकोत. सगळे पैसे आत्ता देतो, ते १,३२९ कमी कर.’

पोरगा हसला. ‘रोख घेतला तरी किंमत तीच आहे सर.’

म्हणजे जो हप्ते घेतच नाही, तोही ते व्याज किमतीत धरून मोजतो. मग हप्ते न घेणारा मीच कशाला मूर्ख ठरू? घेतले. बिल झाल्यावर, पेढा देताना मॅनेजर हळूच म्हणाले, ‘काका, आधी माझ्याकडे आला असता तर रोखीत हजार कमी केले असते.’ तो पेढा मला अजून पचलेला नाही.

खरा सोहळा दुसऱ्या दिवशी. नवीन टीव्ही घेऊन दोघे आले, त्यांतला एक जुन्या टीव्हीची तपासणी करणार. विशी-बाविशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप आणि अ‍ॅपमध्ये आमच्या टीव्हीचं भवितव्य.

‘चालू करून दाखवा काका.’

मी अतिउत्साहात सकाळीच सेट टॉप बॉक्स काढून ठेवला होता. टीव्ही लागला. निळ्या पडद्यावर अक्षरं आली, NO SIGNAL.

‘चित्र नाहीये.’

‘अरे, बॉक्स काढलाय म्हणून. टीव्ही चालू आहे, तोच तर सांगतोय सिग्नल नाही म्हणून. बंद टीव्ही असं सांगेल का?’

‘बरोबर आहे काका. पण अ‍ॅपमध्ये चित्राचा फोटो लागतो.’

पुन्हा बॉक्स, पुन्हा वायरी, पुन्हा मी कपाटामागे आडवा. चित्र आलं. आईची दुपारची मालिका लागली होती, सुनेच्या हातात पत्र आलेलं. पोरगा फोटो काढून बंद करायला गेला तर आई म्हणाली, ‘थांब रे, पत्र कोणाचं आहे ते कळू दे.’ तिघे उभ्याने बघत राहिले. पत्र कोणाचं ते जाहिरातीनंतर कळणार होतं. जाहिरातीनंतर मालिका संपली.

मग रिमोट. मूळचा रिमोट २०१९ साली सोफ्याच्या पोटात गेला तो गेलाच, हा बाजारातला. दोनशे गेले. मग मागचं स्टिकर, ज्यावर सीरियल नंबर असतो. बायको दर दिवाळीला ओल्या फडक्याने टीव्ही पुसते, त्यामुळे स्टिकर इतकं स्वच्छ झालं होतं की त्यावर काहीच उरलं नव्हतं. सातशे गेले. स्वच्छतेला बक्षीस देणारे बघितलेत, दंड लावणारे पहिल्यांदाच बघितले.

शेवटी तो कोपऱ्याजवळ वाकला. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

‘इथे डाग आहे.’

‘डाग?’ आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘डाग काय म्हणतोस? हळदीकुंकू आहे ते. दसऱ्याचं.’

‘हो आजी. पण अ‍ॅपमध्ये दोनच पर्याय आहेत. ‘डाग नाही’ आणि ‘बॉडी डॅमेज’.’

‘देवाचं हळदीकुंकू डॅमेज?’

‘पुसून निघत नाही ना आजी.’ त्याने थुंकी लावून घासून दाखवलं. निघालं नाही. बारा दसऱ्यांचे थर होते, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेले.

आईने खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली त्याचा टेम्पो उभा होता. पुढे सुकलेल्या झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, वर स्वस्तिक.

‘ते काय आहे?’

पोरगा गप्प. मग खाली मान घालून म्हणाला, ‘आजी, तो एक्स्चेंजला द्यायचा नाहीये.’

याला उत्तर नव्हतं. अडीच हजारांचे तेराशे झाले. फरकाचे बाराशे जागेवर क्यूआर कोडवर भरायचे, नाहीतर नवीन टीव्ही परत टेम्पोत. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि बिल आधीच झालेलं. दुकानात तोंडी सांगितलेली किंमत अंदाजे असते आणि खरी दारात ठरते, हे पावतीच्या मागे छापलं होतं म्हणे. मी फक्त पुढची बाजू वाचली होती. आईने पोराला चकली दिली. मी दिली नसती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस बसवायला आला. इन्स्टॉलेशन फुकट. त्यात काय काय येतं ते मी बघितलं: खोक्यातले दोन पाय चार स्क्रूंनी टीव्हीला लावणं आणि वायफायचा पासवर्ड विचारणं. जुन्या टीव्हीला मधोमध एकच पाय होता. याला दोन, दोन्ही टोकांना. आमचं टीव्हीचं कपाट पाऊण मीटर रुंद आणि पायांमधलं अंतर त्याहून चार बोटं जास्त. एक पाय कपाटावर ठेवला की दुसरा हवेत.

‘भिंतीवर घ्या ना,’ तो म्हणाला. ‘ब्रॅकेट आहे माझ्याकडे. नऊशे.’

‘खोक्यात नाही?’

‘खोक्यात पाय येतात. भिंत तुमची.’

‘मग मीच बाहेरून आणला तर?’

‘आणा की. पण मागच्या भोकांमधलं अंतर मोजून आणा, आणि मग परत व्हिजिट लावायला लागेल. दुसरी व्हिजिट फ्री नसते.’

नऊशे दिले.

रात्री हिशेब मांडला. बिलाचे २९,४९०, नो कॉस्टचे ४७४, दारातले १,२००, ब्रॅकेटचे ९००. बेरीज ३२,०६४. कुठलीही ऑफर न घेता टीव्हीची किंमत होती ३१,९९०. ब्रॅकेट तेव्हाही लागलाच असता म्हणा, पण जुना टीव्ही घरात राहिला असता आणि मालिका दुसऱ्या खोलीत गेली असती. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘शेजारी विचारतील तर एकवीस हजारच सांगा.’ मी तसंच सांगतोय. शेजारच्या पाटीलवहिनींनी दुसऱ्याच दिवशी त्या दुकानाचा पत्ता घेतला.

लक्ष्मीपूजनाला आई करंडा घेऊन नव्या टीव्हीसमोर आली. मी आडवा गेलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी भिंतीवरच्या ब्रॅकेटकडे बोट दाखवून म्हटलं, ‘याला लाव. हा कोणी परत मागणार नाही.’