आख्ख्या फोटोवर नॉइज मारून माणूस त्यात बसत नाही

"कापून लावलेला माणूस ओळखू येतो? सगळ्या लेयर एकत्र करा, वरून `Add Noise` 5 टक्के मारा, मग शार्पन. कोणाच्या बापाला कळणार नाही. पुढे पाठवा."

हे माझ्या भाच्याला आलं आणि त्यानं करूनही टाकलं. त्याच्या बहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत माझ्या वारलेल्या वडिलांना उभं केलं, इथं सोलापुरातच 24 बाय 36 इंचाचा कॅनव्हास काढला, आणि आई बघताक्षणी म्हणाली, "हे वेगळेच दिसायलेत की."

दिसणारच. लग्नाचा फोटो रात्री हॉलमधला, आयएसओ 3200, म्हणून नॉइज म्हणजे दाणा जास्त. वडिलांचा दुपारी अंगणातला, आयएसओ 100, म्हणून गुळगुळीत. फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनलमध्ये `Std Dev` दिसतो, पिक्सेलचा उजेड किती खालीवर होतो त्याचा आकडा, सपाट जागी दाणा जास्त तर तो मोठा. स्टेजच्या सपाट क्रीम कापडाचा तुकडा सिलेक्ट केला तर 6, वडिलांच्या तेवढ्याच उजेडाच्या क्रीम सदऱ्यावर 2. आता समजा दोन्हीकडे `Std Dev` 5 चा नॉइज टाकला, तरी नॉइजची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते, म्हणून कापड 7.8 वर जातं आणि सदरा 5.4 वर. फरक कमी झाला तरी राहिलाच, वर चांगला फोटोही खराब झाला! नॉइज फक्त वडिलांवर पाहिजे होता, साधारण 5.7 चा, कारण 36 वजा 4 चं वर्गमूळ तेवढं येतं. आफ्टर इफेक्ट्समधला `Match Grain` हेच करतो, दुसऱ्या इमेजचा नॉइज मोजतो आणि आधीपासून असलेला नॉइज धरूनच भर टाकतो. सगळीकडे सारखं मारून भागलं असतं तर असा इफेक्ट बनवलाच कशाला असता?

शार्पनचं तर उलटंच आहे. शेजारच्या काकांच्या कॉलरची कड तीन पिक्सेलमध्ये पसरलेली, वडिलांची एकाच पिक्सेलमध्ये कापल्यासारखी, त्यात शार्पन केलं की कडेला पांढरी रेघ उमटते. आधी साइज पक्की करायची, मग फक्त वडिलांच्या लेयरला गॉशियन ब्लर, साधारण एक पिक्सेल, कडा जुळेपर्यंत, आणि नॉइज सगळ्यात शेवटी, नाहीतर ब्लर तोच पुसून टाकतो.

एक मान्य करतो, व्हॉट्सॲपच्या डीपीला ती युक्ती चालून जाते, तिथं कॉम्प्रेशन सगळंच सारखं करून टाकतं. भिंतीवर नाही चालत.

मग आम्ही परत बसलो. वडिलांच्या वर 50 टक्के ग्रे लेयर, मोड ओव्हरले, त्यांच्यापुरती क्लिप केलेली, तिच्यावर नॉइज. कॅमेऱ्याचा दाणा गुठळीसारखा असतो आणि `Add Noise` चा एकेका पिक्सेलचा, म्हणून त्या लेयरला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर दिला, त्यानं आकडा पडला तर नॉइज वाढवून परत मोजलं. ब्लू चॅनेल वेगळा उघडून बघितला, बहुतेक तिथंच दाणा जास्त असतो. सदरा 5.9 वर आला, काळी टोपी मात्र गुळगुळीतच राहिली, कारण ओव्हरले गडद भागात जवळपास काहीच करत नाही, त्यामुळे टोपीसाठी नॉर्मल मोडवर वेगळा नॉइज द्यावा लागला.