‘काटा थांबला तो यील्ड’ आणि बाकीच्या पळवाटा: 12 मिमी सळईच्या आकड्यांनी उत्तर

सोलापूरच्या साइट-ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: “सळईच्या टेन्साइल टेस्टला एक्स्टेन्सोमीटर लागत नाही. काटा थांबला तो यील्ड, नाही थांबला तर क्रॉसहेडच्या ग्राफवर 0.2 टक्क्याची रेघ मारा. व्यास कॅलिपरने घ्या. इलोंगेशन जबड्यांमधल्या पूर्ण लांबीवर काढा. खरा ताण हवा तर ताणाला (1 + विकृती) ने गुणा, तुटेपर्यंत चालतं.”

सुरुवात कॅलिपरपासून करू, कारण पुढचा प्रत्येक ताण क्षेत्रफळावर उभा आहे. एफई 500डी या प्रतीची 12 मिमी सळई घेतली आहे, कॉइल सरळ करून कापलेली. कॅलिपर फासळ्यांवर धरला तर 12.7 मिमी, दोन फासळ्यांच्या मध्ये धरला तर 11.4 मिमी. म्हणजे एकाच सळईचं क्षेत्रफळ 127 चौ. मिमी किंवा 102 चौ. मिमी. हाच तुकडा पहिल्या हिशोबाने नापास होईल, दुसऱ्याने उगाच भाव खाईल. आयएस 1786 म्हणूनच वजनावरून क्षेत्रफळ काढायला सांगतं: किलोतलं वजन भागिले (0.00785 × मीटरमधली लांबी). 600 मिमीचा तुकडा 0.518 किलो भरला, म्हणून क्षेत्रफळ 110 चौ. मिमी. 12 मिमीचं पुस्तकी क्षेत्रफळ 113 असतं, ते इथे वापरायचं नाही. टोकं काटकोनात कापलेली हवीत आणि वजनकाटा ग्रॅम दाखवणारा हवा. साइटवरच्या तागडीचं हे काम नाही.

आता मशीनवर लोड दाखवणारा काटा. यील्ड म्हणजे सळई कायमची लांबायला लागते तो क्षण. काही सळया तो खरंच स्पष्ट दाखवतात: काटा अडखळतो, थोडा मागे येतो आणि लोड न वाढता सळई लांबत राहते. तिथे यील्ड लोड थेट वाचता येतो. पण कॉइलमधून सरळ केलेली सळई आधीच वाकून-उलगडून आलेली असते. तिचा आलेख कोपरा न करता हळूच वळतो आणि काटा कुठेच थांबत नाही. उलट जबड्यात सळई सरकली तर थांबायला नको तिथेही काटा थांबतो. फरक ओळखायला सोपा आहे. सरकताना ‘टक्’ असा आवाज येतो, जबड्याजवळ खपली झडते, लोड घसरतो आणि सळईवरच बसवलेला, तिची लांबण मोजणारा एक्स्टेन्सोमीटर पुढे जात नाही. खऱ्या यील्डला काटा थांबलेला असताना एक्स्टेन्सोमीटर मात्र पळत असतो. हे उपकरण लावलंच नसेल, तर दोन्हीतला फरक कळणार कशावरून?

पंपाचा व्हॉल्व्ह किती उघडलाय यावरही बरंच ठरतं. यील्डच्या आधी ताण सेकंदाला 6 ते 60 एमपीए वाढायला हवा, म्हणजे या सळईसाठी सेकंदाला साधारण 0.7 ते 6.6 किलोन्यूटन. घाईत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की खरा थांबाही नजरेतून सुटतो.

क्रॉसहेडची, म्हणजे जबडा ओढणाऱ्या मशीनच्या हलत्या आडव्या भागाची, गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे. जबड्यांमधलं अंतर 300 मिमी. 44 किलोन्यूटनला ताण 400 एमपीए होतो आणि सळई स्वतः फक्त 0.6 मिमी लांबते. क्रॉसहेड मात्र 2.4 मिमी हललेला दिसतो. उरलेलं 1.8 मिमी जबड्यांचे दात रुतण्यात, पाचरी बसण्यात आणि मशीनच्या सांगाड्यात गेलं. त्या ग्राफचा उतार काढला तर 50,000 एमपीए येतो. पोलादाचा 2,00,000 च्या आसपास असतो. हा जादा भाग लोडच्या अगदी प्रमाणात वाढत असता, तर समांतर रेघेने तो वजा झाला असता आणि उत्तर जवळपास बरोबर आलं असतं. पण दात सुरुवातीला जास्त रुततात, नंतर कमी, मध्येच एखादी पाचर बसते. त्यामुळे ग्राफला सरळ भागच उरत नाही. खालच्या लोळलेल्या भागाचा उतार धरून रेघ मारली तर ती आलेखाला फार वर छेदते, उभा तुकडा निवडला तर खाली. म्हणजे आकडा सळईचा राहत नाही, रेघ मारणाऱ्याचा होतो.

एक्स्टेन्सोमीटर 50 मिमीच्या गेजवर लावला तेव्हाची वाचनं अशी: 11 किलोन्यूटनला 0.025 मिमी, 22 ला 0.050, 33 ला 0.075, 44 ला 0.100. दर 11 किलोन्यूटनला 0.025 मिमी, उतार बरोबर 2,00,000 एमपीए. ही तपासणी आधी करायची. उतार 1,50,000 वगैरे आला तर सुरीधार सरकतेय किंवा सळई वाकडी आहे. कॉइलची सळई जराशी बाकदार असतेच, म्हणून दोन्ही बाजूंचं वाचन घेऊन सरासरी काढावी.

त्यापुढे 56 किलोन्यूटनला 0.200 मिमी आणि 58 ला 0.246. आता 50 मिमीचे 0.2 टक्के म्हणजे 0.100 मिमी. समांतर रेघेवर 56 ला 0.227 आणि 58 ला 0.232 यायला हवं. 56 ला सळई रेघेच्या 0.027 मागे आहे, 58 ला 0.014 पुढे. म्हणजे छेद 57.3 किलोन्यूटनला, आणि स्पष्ट यील्ड नसताना त्याच्या जागी धरायचा 0.2 टक्के प्रूफ ताण 521 एमपीए. कमाल लोड 66 किलोन्यूटन, म्हणून अंतिम ताण 600 एमपीए. एफई 500डी ला किमान 565 हवा आणि प्रत्यक्ष प्रूफ ताणापेक्षा किमान 10 टक्के जास्त हवा, म्हणजे इथे 573. सळई पास. प्रूफ ताण चुकला की हे गुणोत्तरही चुकतं, हे विसरू नये.

इलोंगेशनचं गेज 5.65 गुणिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ. इथे 59.3, म्हणून 60 मिमी. टेस्टच्या आधी सळईभर दर 10 मिमीला खुणा करायच्या, कारण ती कुठे तुटेल हे आधी कळत नाही. तुटल्यावर जोडून 70.8 मिमी भरलं, म्हणजे 18 टक्के. त्या वाढलेल्या 10.8 मिमीपैकी 5.4 सगळीकडे सारख्या ताणामुळे (9 टक्के) आणि 5.4 एकट्या मानेत, म्हणजे तुटण्याआधी बारीक झालेल्या भागात. आता जबड्यांमधले 300 मिमी घ्या: 27 अधिक तेच 5.4, म्हणजे 10.8 टक्के. जबड्यांजवळ सळई अडकलेली असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. किमान 16 टक्क्यांची अट असताना चांगली सळई या हिशोबाने फेकली जाईल.

उरला खरा ताण. (1 + विकृती) हे गुणणं सळई सगळीकडे सारखी लांबतेय तोवरच खरं, म्हणजे कमाल लोडपर्यंत. तिथे विकृती मानेपासून दूर मोजलेल्या 9 टक्क्यांत लवचीक 0.3 मिळवून 9.3 टक्के, आणि खरा ताण 600 × 1.093 = 656 एमपीए. तुटताना लोड 54 किलोन्यूटनवर उतरला होता. मेसेजप्रमाणे 491 × 1.18 = 579 येतं, म्हणजे मान बारीक होत असताना धातू मऊ पडला असं दिसतं. खऱ्या ताणाचा आलेख कमाल लोडनंतर खाली वळला की सूत्र हद्दीबाहेर वापरलंय असं समजावं. त्यापुढे लोड भागिले मानेचं त्या क्षणाचं क्षेत्रफळ घ्यावं लागतं. मानेत आडवे ताणही तयार होत असल्याने त्या आकड्याला ब्रिजमनची दुरुस्ती लावून तो थोडा कमी करावा लागतो. फासळ्यांच्या सळईची मान गोल नसते, कॅलिपर तिथे पुन्हा दगा देतो. तेवढा आलेख हवाच असेल तर सळई लेथवर गोल कातून वेगळा नमुना करावा. मात्र टीएमटीची कडक बाहेरची साल त्यात निघून जाते, म्हणून त्याचा निकाल पूर्ण सळईच्या सर्टिफिकेटवर लिहू नये.