परतलेल्या हुंडीची नोंद: फिरत्या मेसेजला उत्तर

«हुंडी बँकेत वटवली की विषय संपला. हुंडी बँकेची झाली, बुडाली तर बँक बघेल, आपल्या वहीत नोंद नाही. बँकेने पैसे कापलेच तर वटवल्याची नोंद उलटी फिरवा, वटाव परत मिळतो. नोटिंगचा खर्च बँकेचा. मुदत संपेपर्यंत ताळेबंदात काही दाखवायचं नसतं.»

एकेक वाक्य घेऊ, पण आधी एक व्यवहार डोळ्यासमोर ठेवू. मशीद बंदरच्या मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याने दादरच्या दुकानदाराला २,००,००० रुपयांचा माल उधार दिला आणि २८ जानेवारी २०२५ रोजी तीन महिन्यांची हुंडी काढली. दुकानदाराने ती स्वीकारली. व्यापाऱ्याने प्राप्य हुंडी खाते नावे टाकून दुकानदाराचे खाते जमा केले, म्हणजे उधारीची जागा हुंडीने घेतली. २८ फेब्रुवारीला त्याने ती बँकेत १२ टक्क्यांनी वटवली. सोयीसाठी दिवस न मोजता उरलेले दोन महिने धरू. वटाव ४,००० झाला आणि हातात १,९६,००० आले. तेव्हाची नोंद: बँक खाते नावे १,९६,०००, वटाव खाते नावे ४,०००, प्राप्य हुंडी खाते जमा २,००,०००.

देय तारीख काढताना तीन सवलतीचे दिवस धरले की १ मे येते. तो महाराष्ट्र दिन, सार्वजनिक सुट्टी. अशा वेळी परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम २५ प्रमाणे हुंडी आधीच्या कामाच्या दिवशी, म्हणजे ३० एप्रिलला देय होते. २ मेची वाट पाहणारे बरेच असतात. त्या ३० एप्रिलला बँकेने हुंडी सादर केली आणि दुकानदाराने पैसे दिले नाहीत. नोटरीकडून अनादराची रीतसर नोंद करून घ्यायला, म्हणजे नोटिंगला, बँकेचे ५०० रुपये गेले.

हुंडी बँकेची झाली हे अर्धसत्य आहे. मालकी गेली, जबाबदारी गेली नाही. त्याच कायद्याचे कलम ३० सांगते की स्वीकारणाऱ्याने पैसे नाकारले तर हुंडी काढणाऱ्याने धारकाची भरपाई करायची, मात्र त्याला अनादराची नोटीस रीतसर मिळालेली हवी. बँक दुकानदाराच्या मागे दादरला जात नाही, ती व्यापाऱ्याच्या चालू खात्यातून २,००,५०० वळते करते. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर रक्कम थकीत म्हणून उभी राहते आणि व्याज चालू होते. पुस्तकात तरीही बँकच जमा होते, फक्त शिल्लक उणे दिसते. व्यापाऱ्याची नोंद एका ओळीत मावते: दुकानदाराचे खाते नावे २,००,५००, बँक खाते जमा २,००,५००.

नोंदच केली नाही तर काय होते? पासबुकात २,००,५०० खर्ची पडलेले दिसतात, वहीत ते नसतात. बँक जुळवणी करताना नेमका एवढाच फरक निघतो, हीच चुकीची खूण. याहून महाग पडते ती दुकानदाराच्या खात्यावरची शून्य बाकी. विक्री बघणारा माणूस ती बाकी पाहून त्याच दुकानदाराला पुढचा माल सोडून देतो.

वटवल्याची नोंद उलटी फिरवायचा सल्ला जास्त फसवा आहे, कारण दिसायला तो शहाणपणाचा दिसतो. करून पाहा: प्राप्य हुंडी नावे २,००,०००, बँक जमा १,९६,०००, वटाव जमा ४,०००, मग हुंडी बंद करून दुकानदार नावे २,००,०००. दुकानदाराची बाकी जवळपास बरोबर वाटते. पण बँकेने १,९६,००० कापलेले नाहीत, २,००,५०० कापलेत. उरलेला ४,५०० चा फरक कोणीतरी शेवटी 'बँक चार्जेस'मध्ये ढकलतो आणि वही जुळल्याचे समाधान मिळते. ते चार हजार बँकेने परत दिलेले नाहीत आणि देणारही नाही. दोन महिने तिचा पैसा वापरला त्याचे ते भाडे. म्हणून वटाव हा व्यापाऱ्याचा खर्च राहतो. दुकानदाराकडून काही वेगळे व्याज ठरले तर ते स्वतंत्र नोंदीने घ्यावे, वटावाचे खाते त्यासाठी उघडू नये.

याचीच धाकटी बहीण म्हणजे अनादर झाल्यावर बँकेऐवजी प्राप्य हुंडी खाते जमा करणे. ते खाते फेब्रुवारीतच शून्य झाले होते, आता २,००,००० जमा बाकी दाखवील. मालमत्तेच्या खात्यावर जमा बाकी दिसली की थांबायचे. तिजोरीतल्या हुंड्या मोजून त्या खात्याशी ताडल्या तर हे एका मिनिटात सापडते. हुंडी नुसती वसुलीला पाठवली असती तर गोष्ट वेगळी, तेव्हा 'वसुलीसाठी पाठवलेल्या हुंड्या' हे खाते जमा होते आणि बँक फक्त नोटिंगच्या खर्चापुरती.

नोटिंगचे ५०० रुपये शेवटी दुकानदाराचे. बँक आधी खिशातून देते, व्यापाऱ्याकडून घेते, व्यापारी दुकानदाराच्या नावे टाकतो. कलम ११७ सादर करण्याचा आणि नोटिंगचा रास्त खर्च मागू देते. दुकानदाराच्या वहीत देय हुंडी नावे २,००,०००, नोटिंग खर्च नावे ५०० आणि व्यापारी जमा २,००,५००. आपल्याकडे कलम १३८ ची धमकी लगेच निघते, पण ते चेकसाठी आहे. हुंडी परतली म्हणून ते लागत नाही.

ताळेबंदाबद्दलचे वाक्य तर ३१ मार्चलाच उघडे पडते. त्या दिवशी हुंडी बँकेत होती, मुदत संपायला महिना होता. २,००,००० हे व्यापाऱ्याचे संभाव्य दायित्व आहे आणि ते ताळेबंदाखालच्या टिपणात येते, रकान्यात नाही. कंपनी असेल तर लेखामानक २९ तेच सांगते. वटावाचाही अर्धा भाग, २,०००, एप्रिलचा आहे. काटेकोर हिशेबनीस तो पूर्वदत्त म्हणून पुढच्या वर्षात नेतो. आणि हिशेब ऑगस्टमध्ये पक्के होत असतील तर ३० एप्रिलचा अनादर तोवर माहीत झालेला असतो. दुकानदार ३१ मार्चलाच डबघाईला आला होता असे दिसले, तर नुसते टिपण पुरत नाही, मार्चच्या हिशेबातच तरतूद करावी लागते.

एका ठिकाणी मात्र मेसेज बरोबर ठरतो. वित्तपुरवठा रिकोर्सशिवाय, म्हणजे हुंडी वटवणाऱ्याकडून पैसे परत मागायचा हक्क न ठेवता केलेला असेल तर बुडण्याची जोखीम खरोखरच पैसे देणाऱ्याकडे जाते. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतल्या ट्रेड्स मंचावर लघुउद्योगाने वटवलेल्या बिलांचे असेच असते. तिथे खरेदीदाराने पैसे थकवले तर विकणाऱ्याच्या वहीत नवी नोंद येत नाही, आणि ३१ मार्चच्या टिपणातही ती रक्कम नसते. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याच्या मंजुरीपत्रात 'विथ रिकोर्स' असे छापलेले होते.